ओलसर माती उभी राहते, भिजलेली बसते

पावसाळ्यात दरडींच्या बातम्या येऊ लागल्या की एक प्रश्न हमखास येतो. या वेळी तो एका वाचकाने पत्रातून विचारला आहे : ‘पाणी मुरल्यामुळे डोंगराचं वजन वाढतं आणि आतली माती निसरडी होते, म्हणूनच दरड कोसळते ना?’

दोन्ही कारणं चटकन पटतात, आणि दोन्हींना फारसा आधार नाही. निसरडेपणाचा समज कार्ल तेर्झागी यांनी १९५० सालीच खोडून काढला होता. मृदा-यांत्रिकी या शास्त्राचा पाया घातला तो याच माणसाने. गारगोटीसारख्या सामान्य खनिजांच्या कणांमध्ये पाणी वंगणाचं काम करत नाही, उलट घसरण्याला किंचित विरोधच करतं, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. शिवाय डोंगरातली माती उन्हाळ्यातही ठणठणीत कोरडी नसते. दोन मीटर खाली ती बारा महिने ओलसर असते. वंगणच लागत असतं तर ते तिथे आधीपासून होतंच.

वजनाचा हिशेब पुढे आकड्यांनीच करू. त्याआधी मुळातला प्रश्न उलटा करून विचारायला हवा. मातीचा उभा उतार वर्षानुवर्षं टिकतो, तो कशाच्या जोरावर?

दिवाळीत किल्ला केलेल्या प्रत्येकाला याचं उत्तर हाताने माहीत आहे. भुरभुरीत कोरड्या मातीचा कडा उभा राहत नाही, ढीग होतो. पाणी शिंपडून मळलेल्या मातीचा बुरूज ताठ उभा राहतो. आणि धाकट्या भावंडाने उत्साहाने तांब्याभर पाणी ओतलं की तोच बुरूज खाली बसतो. माती तीच, मावळे तेच. बदललं ते फक्त पाण्याचं प्रमाण.

ओलसर मातीत दोन कणांच्या सांध्याभोवती पाण्याचं बारीक कडं असतं आणि उरलेल्या पोकळीत हवा. त्या पाण्याचा पृष्ठभाग आतल्या बाजूला वळलेला असतो. पृष्ठताणामुळे असा वळलेला पृष्ठभाग पाण्याला ओढून धरतो, म्हणून पाण्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि कण एकमेकांकडे खेचले जातात. खेचले गेले की त्यांच्यातलं घर्षण वाढतं. यात डिंक नाही, सिमेंट नाही. पोकळी पाण्याने पूर्ण भरली की तो वळलेला पृष्ठभागच नाहीसा होतो आणि ओढही संपते.

शाळेत केशाकर्षणाचा प्रयोग करताना बारीक काचनळीत पाणी आपोआप चढताना पाहिलेलं असतं. तिथेही हीच ओढ काम करते. नळीचा व्यास ०.१ मिलिमीटर असेल तर पाणी सुमारे ३० सेंटिमीटर चढतं, ०.०१ मिलिमीटर असेल तर ३ मीटर. मातीतली छिद्रंही अशाच वेड्यावाकड्या नळ्या असतात, म्हणून भूजलपातळीच्या वरही पाणी मातीत लटकून राहतं. पातळीपासून ३ मीटर उंचीवर लटकलेल्या त्या पाण्याची ओढ दर चौरस मीटरला ३ टन भरते. ऊन आणि झाडांची मुळं पाणी काढून घेत राहिली तर ती आणखी वाढते.

ही ओढ मोजता येण्याजोगी राशी आहे, हे पहिल्यांदा नीट मांडलं ते एडगर बकिंगहॅम या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने. तो अमेरिकेच्या कृषी खात्यात नोकरीला होता. मातीने भरलेल्या उंच नळ्यांचं बूड पाण्यात ठेवून, वरचं तोंड झाकून तो आठवडेच्या आठवडे थांबला आणि मग कोणत्या उंचीवर किती ओल आहे ते मोजलं. १९०७ साली छापलेल्या त्याच्या अहवालात असंपृक्त मातीतलं पाणी कुठून कुठे जाईल याचा सिद्धांत जवळजवळ पूर्ण आहे. अहवाल बाहेर आला तोवर तो खातं सोडून गेलाही होता. पुढे १९१४ साली मितींच्या विश्लेषणाचा एक सिद्धांत त्याच्या नावाने गाजला आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी त्याला तेवढ्यासाठीच ओळखतात. मला हा अन्याय वाटतो. शेतीशास्त्रज्ञांनी बकिंगहॅम वाचला, पण धरणं, पाये आणि उतार बांधणारे अभियंते कितीतरी वर्षं मातीकडे पाण्याने तुडुंब भरलेली वस्तू म्हणूनच पाहत राहिले. हा निष्काळजीपणा होता असं मात्र नाही. हिशेब सुरक्षित बाजूला राहतो, म्हणून तसं करणं सोयीचं होतं.

ही सोय अपुरी पडली हाँगकाँगमध्ये. तिथले डोंगर ग्रॅनाइटचे. उष्ण, दमट हवेत खडक जागच्या जागी कुजून त्याची कित्येक मीटर जाड, भरड माती झालेली. सपाट जागेची चणचण असल्याने हे डोंगर कापून त्यात इमारती घुसवल्या गेल्या. पुष्कळ उतार इतके उभे होते की पुस्तकी हिशेबाप्रमाणे त्यांनी उभंच राहायला नको होतं.

हिशेबच करू. उतार ४५ अंशांचा, मातीचं वजन दर घनमीटरला १.९ टन, आणि घसरण्याचा संभाव्य थर पृष्ठभागापासून २ मीटर खाली. त्या थराच्या दर चौरस मीटरला माती खाली खेचते १.९ टनांनी. अशा मातीचा घर्षणकोन ३५ अंश धरला तर घर्षणाचा विरोध भरतो १.३३ टन. म्हणजे ०.५७ टनांची तूट. तरीही उतार उभा आहे, कारण मातीत समजा ३ टनांची ओढ आहे. ही सगळी ओढ ताकदीत उतरत नाही. अर्ध्याहून जास्त पोकळी हवेने भरलेली असते आणि ओढ फक्त पाणी असेल तिथेच लागते. शिवाय तिचं रूपांतर घर्षणातून व्हायचं असतं. सगळं वजा जाता हातात येतात सुमारे ०.८ टन. तूट भरून थोडं शिल्लक राहतं.

आता पाऊस. समजा मातीच्या दर घनमीटरमध्ये १६० लिटर पाणी मावायला जागा आहे. ती भरली की वजन वाढतं खरं, पण वजनाने खालची खेच वाढते तसं घर्षणही त्याच प्रमाणात वाढतं. खेच होते २.०६ टन, विरोध १.४४. तूट ०.५७ वरून ०.६२ वर गेली, म्हणजे वजनाने नुकसान केलं जेमतेम ५० किलोंचं. ओढ गेल्याने मात्र तब्बल ८०० किलोंचा आधार गेला. वाचकाच्या प्रश्नाचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. आणखी एक गोष्ट पाहा. ओढ शून्यावर यायचीही गरज नाही. ती ३ टनांवरून दोन-सव्वादोन टनांवर आली की हिशेब संपला. भूजलपातळी वर चढलेली नसते, झरा फुटलेला नसतो, खोदून पाहिलं तर माती फक्त ‘जरा जास्तच ओली’ दिसते. वरच्या हातभर थराला मुळं धरून ठेवतात, घसरतो तो त्याखालचा.

ओल किती वेळात २ मीटर खाली पोहोचते, याचं साधं गणित हाँगकाँग विद्यापीठातले पीटर लंब यांनी १९६२ साली मांडलं. माती ज्या वेगाने पाणी आत घेऊ शकते, त्याला रिकाम्या जागेने भागायचं. वरच्या मातीत ताशी ३६ मिलिमीटर पाणी मुरतं असं धरलं तर ओलीची हद्द ताशी सुमारे २२५ मिलिमीटर खाली सरकते. २ मीटरला नऊ तास लागतात आणि ३२० मिलिमीटर पाऊस आत जावा लागतो. ताशी १०० मिलिमीटरचा धबधबा कोसळला तरी ओल त्याहून वेगाने उतरत नाही, जास्तीचं पाणी वरून वाहून जातं. पण आधीच्या आठवड्यातल्या पावसाने रिकामी जागा निम्मी भरली असेल तर तेवढंच काम १६० मिलिमीटरमध्ये आणि साडेचार तासांत होतं.

हे छापलं गेल्यावर दहा वर्षांनी, १८ जून १९७२ रोजी, हाँगकाँगमधल्या सॉ माऊ पिंग इथला ४० मीटर उंचीचा भराव पावसात वितळल्यासारखा खाली आला आणि पायथ्याच्या झोपड्यांतली ७१ माणसं गेली. त्याच दिवशी पो शान रोडच्या दरडीत ६७. चार वर्षांनी, ऑगस्ट १९७६ मध्ये, सॉ माऊ पिंगलाच दुसरा भराव कोसळून १८ जण दगावले. तेव्हा नेमलेल्या तज्ज्ञ समितीत लंबही होते. तिच्या पाहणीत दिसलं ते असं : भराव टाकताना माती नुसती ओतली होती, दाबली नव्हती. अशा सैल मातीचा सांगाडा निव्वळ ओढीवर तगलेला असतो. वरचे काही मीटर भिजले, ओढ गेली, सांगाडा खचला आणि आतल्या पाण्याला बाहेर पडायला वेळच न मिळाल्याने अख्खा थर चिखल होऊन वाहिला. उपाय सुचवला तोही नेमका होता : वरची ३ मीटर माती काढायची आणि थराथराने दाबून पुन्हा भरायची. १९७७ साली उतारांवर देखरेखीसाठी तिथे स्वतंत्र सरकारी कार्यालय सुरू झालं.

लंब यांचं सूत्र मला आवडतं, पण ते सर्वज्ञ नाही. आधीच्या पंधरा दिवसांच्या पावसाला त्यांनी बरंच महत्त्व दिलं होतं. १९८४ साली ब्रँड या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हाँगकाँगचीच आकडेवारी तपासली, तेव्हा आधीच्या पावसाचा फारसा संबंध दिसला नाही. तासाला सुमारे ७० मिलिमीटरच्या पुढे पाऊस गेला की दरडी वाढतात, एवढं मात्र ठळक दिसलं. सूत्रात सगळीकडे सारखी माती गृहीत धरलेली असते. खऱ्या उतारात भेगा असतात, कुजलेल्या मुळांची भोकं असतात, आणि त्यांतून पाणी नऊ तासांचं अंतर काही मिनिटांत कापतं. ‘इतके मिलिमीटर झाले की दरड येणार’ असा आकडा कोणी सह्याद्रीसाठी छातीठोकपणे सांगत असेल, तर तो कोणत्या मातीवर, किती वर्षांच्या नोंदींवर काढला हे आधी विचारावं. ग्रॅनाइटच्या भरड मातीचा आकडा बेसॉल्टच्या चिकट मातीला लागू होत नाही.

ओढ प्रत्यक्ष मोजता येते. टेन्सिओमीटर नावाची पाण्याने भरलेली नळी असते, तिच्या टोकाला सच्छिद्र चिनीमातीची वाटी. ती जमिनीत पुरली की माती वाटीतलं पाणी खेचते आणि वरचा काटा ती ओढ दाखवतो. ८-९ टनांच्या पुढे नळीतल्या पाण्यात बुडबुडे होऊन ती निकामी होते. पण आपल्याला धोका असतो तो ओढ कमी होण्याचा, आणि ते हे साधं यंत्र उत्तम दाखवतं. नव्या उताराचा आराखडा करताना मात्र सावध अभियंता ओढीवर विसंबत नाही. जी एका रात्रीत जाऊ शकते तिला तो जमेत धरत नाही.

घराच्या मागे कापलेली दरड असेल तर मोजणी करायला कोणी येईपर्यंत थांबू नका. उताराच्या माथ्यावरचा पाण्याचा चर पावसाळ्यापूर्वी मोकळा करा, सांडपाणी उतारावर सोडू नका आणि माथ्यावरच्या जुन्या भेगा चिकणमातीने ठासून बुजवा. भर पावसात तिथे नवी भेग दिसली तर ती बुजवत बसू नका. घरातल्या सगळ्यांना घेऊन त्याच क्षणी बाहेर पडा आणि शेजाऱ्यांनाही उठवा.