एक ऑर्डर, दोन गेटवे

ऑनलाइन दुकानात ‘पैसे भरा’ हे बटण दाबलं, की दुकान थेट बँकेशी बोलत नाही. मध्ये पेमेंट गेटवे असतो. ग्राहकाच्या बँकेकडून किंवा यूपीआयवरून तो पैसे घेतो, दुकानाला निरोप देतो आणि एक-दोन दिवसांनी आपलं शुल्क कापून उरलेली रक्कम दुकानाच्या खात्यात जमा करतो. हा गेटवे बंद पडला तर विक्रीही थांबते. म्हणून बरेच विक्रेते दोन गेटवे ठेवतात आणि पहिला चालला नाही, तर दुसऱ्याकडे वळायचं काम संगणकावर सोपवतात.

अडचण ‘चालला नाही’ कशाला म्हणायचं इथूनच सुरू होते. समजा, रत्नागिरीचा एक बागायतदार स्वतःच्या वेबसाइटवर 1,850 रुपयांना हापूसची पेटी विकतो. ऑर्डर क्रमांक 4127. पहिल्या गेटवेने विनंतीच घेतली नाही, तर पैसे कुठेच हललेले नसतात. अशा वेळी लगेच दुसऱ्याकडे जावं. खात्यात शिल्लक नाही म्हणून बँकेने नकार दिला, तर गेटवे बदलून काहीच साधत नाही. ग्राहकाला तसं सांगावं. तिसरी शक्यता घातक. विनंती गेली, अर्धा मिनिट झाला, उत्तर नाही. पैसे कापले गेले असतील किंवा नसतीलही. हे अपयश समजून दुसऱ्या गेटवेकडे गेलं, तर एका पेटीचे 3,700 रुपये कापले जाऊ शकतात.

म्हणून नोंद ठेवण्याची पद्धत आधी ठरवावी लागते. ऑर्डर एकच, पण तिच्याखाली प्रयत्न कितीही. गेटवेला विनंती पाठवण्याआधीच 4127-1 अशी ओळ लिहायची: कोणता गेटवे, किती रक्कम, केव्हा. उत्तर आलं नाही, तर तिच्यापुढे ‘अयशस्वी’ लिहायचं नाही, ‘अनिर्णित’ लिहायचं. मग त्याच गेटवेला विचारायचं, 4127-1 चं काय झालं? तिथूनही ‘प्रलंबित’ एवढंच कळलं, तर परस्पर पुढे जायचं नाही. पैसे अडकले असण्याची शक्यता ग्राहकाला सांगायची आणि थांबायचं की पुन्हा भरायचं, हे त्याला ठरवू द्यायचं.

समजा, त्याने पुन्हा भरले. 4127-2 दुसऱ्या गेटवेवरून यशस्वी झाला, पेटी पक्की झाली. दहा मिनिटांनी पहिल्या गेटवेचा निरोप आला: 4127-1 सुद्धा यशस्वी. असे उशिराचे निरोप येतातच, कधी एकच निरोप दोनदाही येतो. दोन्ही प्रयत्न एकाच ऑर्डरखाली असल्यामुळे दुसरी पेटी निघत नाही आणि कोणते 1,850 परत करायचे ते लगेच कळतं. ते पहिल्या गेटवेमार्फतच परत करावे लागतात, कारण रक्कम त्याने घेतली. दुकानापर्यंत यशाचा निरोप पोचलाच नाही, तर गोष्ट वेगळी. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार व्यवहारानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यानंतर दिवसाला 100 रुपये भरपाई.

दोन्ही गेटवेंची बोली एकाच नोंदवहीत उतरवताना भाषांतरही करावं लागतं. रेझरपे रक्कम पैशांत घेतो, म्हणजे 1,850 रुपये तिथे 185000 असे जातात. पेयू रुपयांत घेतो. एकाचं ‘captured’ तेच दुसऱ्याचं ‘success’. वहीत मात्र एकच परिमाण आणि एकच शब्द हवा. शुल्क दोन टक्के धरलं, तर 37 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 6.66 रुपये. बँकेत 1,806.34 रुपये जमा होतात, तेही इतर ऑर्डरींच्या रकमेत मिसळून. त्यामुळे प्रत्येक गेटवेचा जमा-अहवाल रोज वहीशी ताडून पाहावा लागतो. हा ताळा जुळेपर्यंत व्यवहार पूर्ण झाला असं धरता येत नाही.

या व्यवस्थेलाही मर्यादा आहेत. ग्राहकाची बँकच बंद असेल किंवा यूपीआयचं जाळंच अडलं असेल, तर दुसरा गेटवेही त्याच वाटेवर अडकतो. कार्डांचीही अडचण आहे. ऑक्टोबर 2022 पासून दुकानांना कार्डाचे क्रमांक साठवता येत नाहीत, त्याऐवजी टोकन असतं; एका गेटवेमार्फत काढलेलं टोकन दुसऱ्याकडे चालेलच असं नाही. तिथे ग्राहकाला कार्डाचा तपशील पुन्हा भरावा लागतो.

व्यवस्था नीट चालली आहे का, हे ओळखायला एक आकडा पुरतो: एक दिवसाहून जुन्या ‘अनिर्णित’ नोंदी किती? शून्य हवं. तो वाढत असेल, तर कुणाचे तरी पैसे अडकले आहेत आणि त्यांचा शोध कुणीच घेत नाही.