लाख-कोटींची मांडणी : आकडा आकडाच राहू द्या

दिल्लीतील करोल बाग सोन्याच्या व्यवहारासाठी प्रसिद्ध आहे. तेथील एखाद्या पेढीचा हिशेब संगणकाच्या एक्सेल तक्त्यात ठेवला जातो, असे समजू. तीन देयकांच्या रकमा अशा आहेत : ९,५०,०००, १२,४०,००० आणि १,०५,००,००० रुपये. तिसरी रक्कम वाचायला सोपी जावी म्हणून कारकुनाने ‘१.०५ कोटी’ अशी शब्दांत लिहिली. बेरजेचे सूत्र मजकुराची दखल घेत नाही. त्यामुळे उत्तर १,२६,९०,००० न येता २१,९०,००० येते आणि चुकीची सूचनाही मिळत नाही. ओळखण्याची खूण एकच : संरेखन बदललेले नसल्यास संख्या रकान्यात उजवीकडे, तर मजकूर डावीकडे सरकलेला दिसतो.

म्हणून रकान्यात केवळ 10500000 हीच संख्या ठेवावी आणि स्वल्पविरामाचे काम रकान्याच्या स्वरूपणावर सोपवावे :

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

यात कोटी, लाख आणि त्याखालील रकमा असे तीन विभाग आहेत. मूल्य न बदलता केवळ त्याचे दर्शन बदलते. मात्र ऋण रक्कम तिसऱ्या विभागात जाते आणि एरवीच्या पाश्चात्त्य मांडणीत -1,250,000 अशी दिसते. तिच्यासाठी स्वतंत्र स्वरूपण लागते.

पूर्णांकनाबाबतही हेच पथ्य पाळावे. १,२४,४०० रुपयांच्या तीन रकमा आधीच १.२४ लाख केल्यास बेरीज ३.७२ लाख होते. मूळ रकमांची बेरीज ३,७३,२००, म्हणजे ३.७३ लाख आहे. तेव्हा आधी बेरीज करावी आणि लाखांत रूपांतर अहवाल छापतानाच करावे.