नाडी मागून येते

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुष उमेदवारांसाठी 50 पैकी 20 गुण 1600 मीटर धावण्याला ठेवलेले आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या लोहाऱ्यासारख्या गावात ‘ग्राउंड’ची तयारी करणारा मुलगा त्यासाठी 200 मीटरच्या वेगवान फेऱ्या मारतो. हल्ली त्याच्या मनगटावर ठोके मोजणारे घड्याळही असते. जीव तोडून पळताना ते 130 दाखवते आणि थांबून धापा टाकत असताना 165. मग आपण पुरेसे जोरात पळालो नाही असे समजून तो पुढची फेरी आणखी वेगाने मारतो आणि पाचव्या-सहाव्या फेरीत कोलमडतो. दोष त्याच्या मेहनतीचा नाही, आकडा वाचण्याच्या पद्धतीचा आहे. छोट्या, जोरकस फेरीत नाडी श्रमाच्या मागून येते, म्हणून वेग ठरवण्याचे काम तिच्याकडे देऊ नये.

हा उशीर शरीराच्या रचनेतच आहे. पहिल्या काही सेकंदांची ऊर्जा स्नायूंत साठलेल्या फॉस्फोक्रिएटिनमधून आणि ग्लायकोजेनच्या झटपट विघटनातून येते. त्यासाठी रक्तातून वाढीव ऑक्सिजन येण्याची वाट पाहावी लागत नाही. पाय हलताच हृदयाला आवरून धरणारी व्हेगस चेता आपली पकड सोडते आणि ठोके एकदम वर उसळतात, पण या उसळीला मर्यादा असते. त्यापुढची वाढ सिंपथेटिक चेतासंस्था, रक्तातले अॅड्रेनालिन आणि स्नायूंत साचणाऱ्या पदार्थांकडून जाणारे संदेश यांच्यावर अवलंबून असते, आणि या गोष्टींना कित्येक सेकंद लागतात. नाडी पुरती वर पोहोचेपर्यंत फेरी संपलेली असते.

एक अंदाजी गणित मांडू. 1600 मीटर 5 मिनिटे 10 सेकंदांत धावायचे तर दर 200 मीटरला पावणेएकोणचाळीस सेकंद मिळतात. समजा, मुलगा 38 सेकंदांची एक फेरी आणि 90 सेकंद चालत विश्रांती असा क्रम ठेवतो. सुरुवातीला ठोके 110 आहेत आणि हाच जोर बराच वेळ टिकला असता तर ते 190 ला गेले असते. उरलेल्या अंतराचा साधारण दोन-तृतीयांश भाग 35 सेकंदांत कापला जातो असे धरले, तर दहाव्या सेकंदाला नाडी 130, विसाव्याला 145 आणि फेरी संपताना 163 च्या आसपास असेल. विश्रांतीचे ठोके धरून सगळ्या सत्राची सरासरी 135 च्या जवळ येते. सावकाश धावण्याची सरासरीही एवढीच येऊ शकते. म्हणजे सरासरीवरून या सत्राचा जोर कळत नाही.

यावर कोणी म्हणेल, हा घड्याळाचा दोष आहे. थोडा आहेच. मनगटावरचा प्रकाशावर चालणारा सेन्सर हाताच्या हेलकाव्याने गोंधळतो, आकडे उशिरा दाखवतो आणि कधी पावलांची लयच ठोके म्हणून मोजतो. छातीचा पट्टा जास्त विश्वासार्ह असतो. मात्र हृदयाचे विद्युत संकेत थेट मोजले तरी मूळ उशीर तसाच राहतो.

दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे: मग नाडी मोजायचीच कशाला? याचे उत्तर जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये प्रशिक्षक वोल्देमार गेर्श्लर आणि हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी दिले. त्यांच्या पद्धतीत छोट्या धावेने नाडी 180 च्या सुमारास न्यायची आणि मग ती 120 वर उतरण्याची वाट पाहायची. दीड मिनिटात ती उतरली नाही, तर धाव जास्त जोराची झाली असे मानत. गेर्श्लरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग 1939 मध्ये मिलान येथे 800 मीटर 1 मिनिट 46.6 सेकंदांत धावला. तो जागतिक विक्रम होता. 180 आणि 120 हे आकडे प्रत्येकाला लागू पडत नाहीत, कारण कमाल ठोके माणसागणिक वेगळे असतात. पण त्यामागचा विचार आजही पक्का आहे: छोट्या फेरीची खरी बातमी विश्रांतीत मिळते.

तेव्हा फेरीचा वेग स्टॉपवॉचने ठरवावा. थांबल्यावर लगेच आणि 60 सेकंदांनी नाडीवर बोट ठेवून दहा सेकंदांचे ठोके मोजावेत व सहाने गुणावे. एक ठोका चुकला तर सहाचा फरक पडतो, हे लक्षात ठेवावे. वेळ 38 सेकंदच आहे आणि साठाव्या सेकंदाचा आकडा फेरीगणिक थोडा वाढतो आहे, तर ते स्वाभाविक आहे. वेळ घसरते आहे आणि नाडीही उतरत नाही, तर सत्र तिथेच थांबवावे. विदर्भाच्या उन्हाळ्यात त्याच वेगाला ठोके जास्त पडतात, म्हणून एप्रिलमधल्या नोंदीची तुलना डिसेंबरमधल्या नोंदीशी करू नये. तीन-चार मिनिटांच्या लांब फेऱ्यांत मात्र नाडीला वर पोहोचायला वेळ मिळतो आणि शेवटच्या मिनिटाचा आकडा जोराचा उपयोगी अंदाज देतो.

भरतीची तयारी करणाऱ्यांनी वहीत प्रत्येक फेरीपुढे दोनच गोष्टी लिहाव्यात: फेरीची वेळ आणि विश्रांतीच्या साठाव्या सेकंदाची नाडी. काही आठवड्यांनी तोच वेग आणि तेवढीच विश्रांती ठेवून, तशाच हवेत ही नाडी पूर्वीपेक्षा खाली दिसू लागली, तर तयारी योग्य दिशेने चालली आहे असे समजावे.