पाच गुणांनी हललेला पहिला नंबर

तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था डोळ्यांसमोर आणा. वर्धापनदिन आठवड्यावर आलाय. ‘उत्कृष्ट कर्मचारी’ म्हणून एकाला शाल, श्रीफळ आणि रोख बक्षीस द्यायचं आहे. मागच्या वर्षी ‘अध्यक्षांच्या मर्जीतला’ अशी कुजबुज झाली होती, म्हणून यंदा सगळं गुणांवर ठरवायचं असा संचालक मंडळाचा निर्णय झाला. थकबाकीची वसुली, हिशेबातली अचूकता, ग्राहकांशी वागणूक आणि हजेरी असे चार निकष ठरले. प्रत्येक निकषाला दहापैकी गुण. पण वसुली आणि हजेरी एकाच तोलाची कशी धरायची? म्हणून वसुलीला ४०, अचूकतेला ३०, ग्राहकांना २० आणि हजेरीला १० असे भारांश दिले. बेरीज शंभर.

स्पर्धेत तीन लिपिक आहेत, तिघांचं काम एकच. त्यांना महेश, सुनंदा आणि अशोक म्हणू. महेशला याच क्रमाने ९, ५, ६, ९ गुण आहेत. थकबाकीदाराच्या शेतावर जाऊन हप्ता घेऊन येणारा माणूस, पण व्हाउचरवर सही घ्यायला विसरणारा. सुनंदाला ५, ९, ७, ९. तिची रोख संध्याकाळी पैशा-पैशाला जुळते, मात्र वसुलीचा फोन करायचा म्हटलं की तिच्या जिवावर येतं. अशोकला ७, ६, ६, ९.

आता हिशेब. महेशच्या वसुलीतल्या ९ गुणांचे ४० च्या भारांशाने ३६ होतात. अचूकतेचे १५, ग्राहकांचे १२, हजेरीचे ९. एकूण ७२. सुनंदाचे २०, २७, १४ आणि ९ मिळून ७०. अशोकचे ६७. शाल महेशची. एक्सेलमध्ये हे एका ओळीचं काम आहे. गुण दुसऱ्या ओळीपासून आणि भारांश सहाव्या ओळीत असतील तर:

```
=SUMPRODUCT(B2:E2,B$6:E$6)/10
```

डॉलरच्या चिन्हामुळे सूत्र खाली ओढलं तरी भारांशाची ओळ जागची हलत नाही. सोय उत्तम, पण खोडीही तिथेच. सहाव्या ओळीतला एक आकडा बदलला की सगळ्या बेरजा डोळ्यांदेखत बदलतात.

तक्ता पडद्यावर असताना एखादे संचालक म्हणतात, “वसुलीला जरा जास्तच दिलंय. पाच काढून अचूकतेला द्या, दोन्ही ३५-३५ होऊ देत.” सूचना अगदी रास्त वाटते, कुणाची हरकत नसते. आकडे बदलतात आणि महेश ७० वर उतरतो, सुनंदा ७२ वर चढते. कुणाच्या कामात काडीचा फरक नाही, कुणाचा एक गुण हललेला नाही, तरी पहिला नंबर बदलला.

हा उलटफेर नेमका कुठे होतो, तेही काढता येतं. वसुलीत महेश चार गुणांनी पुढे आहे, अचूकतेत चार गुणांनी मागे आणि ग्राहकांत एका गुणाने मागे. त्यामुळे ग्राहक आणि हजेरी तशीच ठेवली तर वसुलीचा भारांश अचूकतेपेक्षा ५ ने जास्त असतानाच दोघांची बरोबरी होते. म्हणजे वसुली ३७.५ आणि अचूकता ३२.५. आपण निघालो होतो ४० वरून. अवघ्या अडीचाच्या अंतरावर निकाल उलटतो, आणि ४० का, ३७ का नाही, याचं उत्तर त्या खोलीत कुणाकडेच नसतं. अशा वेळी ‘महेश पहिला’ म्हणण्यापेक्षा ‘महेश आणि सुनंदा जोडीने पुढे, अशोक त्यांच्यामागे’ एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येईल. माझी पद्धत अशी की निकाल जाहीर होण्यापूर्वी प्रत्येक भारांश पाचाने वर-खाली करून पाहायचा. क्रम टिकला तर ठीक.

आणि भारांश ठरवायचे ते एप्रिलमध्ये, इतिवृत्तात नोंदवून. मार्चमध्ये गुण समोर ठेवून भारांश ठरवणं म्हणजे माणूस आधी निवडायचा आणि आकडे मागून जुळवायचे. ते करणाऱ्यालाही कधी कधी कळत नाही, हा त्यातला बेरकी भाग.

यात आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ग्राहकांशी वागणुकीला २० दिलेत, म्हणजे वसुलीच्या निम्मं महत्त्व. पण तिघांचे गुण ६, ७, ६ आहेत. सगळ्यात वरच्या आणि खालच्या माणसात एकाच गुणाचं अंतर, म्हणून या निकषाने एकूण बेरजेत जास्तीत जास्त २ गुणांचा फरक पडतो. वसुलीत अंतर चार गुणांचं, तिथे फरक पडतो १६ चा. कागदावर दुप्पट असलेलं वजन प्रत्यक्षात आठपट झालं. हजेरीत तर तिघांना ९, तिथे फरक शून्य. त्या निकषाचा भारांश कितीही वाढवला तरी कुणीही कुणाच्या पुढे जात नाही, फक्त अंतरं आक्रसतात.

गुण असे एका जागी गोळा होतात कारण देणाऱ्याला वाईटपणा नको असतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या वार्षिक कामगिरी अहवालातही भारांश आहेत. कामाला ४०, वैयक्तिक गुणांना ३० आणि कार्यक्षमतेला ३०, गुण एक ते दहा. एक-दोन किंवा नऊ-दहा असे टोकाचे गुण क्वचितच द्यावेत आणि दिलेच तर नेमकं कारण लिहावं, असं त्यात सांगितलेलं आहे. कारण लिहायला लागलं की हात आखडतो, ते बरंच. पण मग मधल्या गुणांचा अर्थही ठरवून द्यायला हवा. ‘अचूकता : ७’ या शब्दांतून काही कळत नाही. ‘वर्षात दिवसअखेर रोख न जुळण्याचे प्रसंग दोन, दोन्ही त्याच दिवशी सुटले’ असं ७ समोर लिहिलेलं असेल तर दोन वेगवेगळे व्यवस्थापक सारखाच गुण देतील.

राहिला अशोक. भारांश हवे तसे फिरवा, अशोक कधीच पहिला येणार नाही. महेश आणि सुनंदा यांच्या गुणांची सरासरी काढा : ७, ७, साडेसहा, ९. अशोक प्रत्येक निकषात या सरासरीइतका किंवा तिच्याखाली आहे. भारांश कोणतेही घेतले तरी त्या दोघांपैकी एकाची बेरीज सरासरीइतकी किंवा तिच्यावर असणारच, आणि अशोक तिच्या वर जाऊ शकत नाही. गंमत अशी की तीनपैकी एकाही कामात कच्चा नसलेला तो एकटाच आहे. व्यवस्थापक रजेवर गेले की त्यांच्याकडची तिजोरीची किल्ली त्याच्याकडे येते, कारण वसुलीवाला दारात आला तरी आणि रोख जुळली नाही तरी तो गडबडत नाही. बेरजेत मात्र एका निकषातले ९ दुसऱ्यातले ५ झाकून टाकतात, आणि कशातच कमी नसण्याला वेगळे गुण नसतात.

त्याला उपाय दहावीच्या गुणपत्रिकेत आहे. तिथे एकूण टक्केवारी असते, पण उत्तीर्ण होण्याची अटही वेगळी असते. इथेही प्रत्येक निकषात किमान ६ ची अट घातली तर महेश अचूकतेत अडकतो, सुनंदा वसुलीत, आणि शाल अशोकच्या खांद्यावर जाते. फक्त ही अट बेरजेपेक्षाही धारदार आहे. महेशच्या ५ चे ६ झाले तर तो अटीत बसतो आणि ७५ गुणांनी सरळ पहिला येतो. त्यामुळे तो ५ कसा आला, हे विचारलं की व्यवस्थापकांनी सह्या राहिलेल्या व्हाउचरांची फाईल टेबलावर ठेवायला हवी.