बसल्यावर सारखे, उभे राहिल्यावर चार बोटं वर

आमच्या वस्तीतल्या विहारात सतरंजीवर माणसं बसली की मागून एक गंमत दिसते. बाप आणि लेक शेजारी बसलेले असतात. दोघांची डोकी जवळजवळ एका रेषेत. कार्यक्रम संपतो, दोघं उठतात आणि लेक बापापेक्षा चार बोटं वर जातो. मग ही चार बोटं बसल्यावर कुठं गेली होती? सरळ आहे, ती पायांत होती.

मी नर्सिंग करत असताना उंची आणि वजन रोज शेकडो वेळा लिहिलं. बसल्या माणसाची उंची मात्र वेगळी मोजायची असते, हे नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत कुणी सांगितलं नाही. तिला बैठी उंची म्हणतात. माणूस ताठ बसला की बैठकीपासून टाळूपर्यंतचं अंतर, म्हणजे धड, मान आणि डोकं. पूर्ण उंचीतून ती वजा केली की उरते ती पायांची लांबी. बैठी उंची पूर्ण उंचीच्या किती टक्के आहे, हा आकडा शरीराच्या बांध्याबद्दल बरंच काही सांगतो. मोठ्या माणसांत तो साधारण ५० ते ५४ च्या दरम्यान असतो. आकडा जितका जास्त, तितकं धड लांब आणि पाय आखूड.

मोजायला भिंत, सपाट लाकडी स्टूल, मापाची पट्टी आणि एक जाड वही पुरते. आधी स्टुलाची उंची मोजून लिहून ठेवायची. मग स्टूल भिंतीला लावायचं आणि माणसाला मागे सरकवून बसवायचं, माकडहाड आणि पाठ भिंतीला टेकेपर्यंत. मांड्या आडव्या, हात मांड्यांवर, पाय लोंबकळत नकोत. पोचत नसतील तर खाली पाट ठेवावा. नजर समोर. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं छिद्र एका आडव्या रेषेत आलं पाहिजे. बायकांचा अंबाडा सोडायला सांगावा. वही डोक्यावर दाबून भिंतीला काटकोनात लावायची, तिथं खूण करायची, जमिनीपासून मोजायचं आणि त्यातून स्टुलाची उंची वजा करायची. तीनदा मोजावं. दोन मापांत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा बसवावं.

माप चुकतं ते बहुधा दोन ठिकाणी. गादीच्या खुर्चीवर बसवलं तर माणूस खाली दबतो. आणि ‘ताठ बस’ म्हटलं की लोक ढुंगण आवळून स्वतःला वर उचलतात, विशेषतः पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं. अशा वेळी श्वास सोडून सैल बसायला सांगावं, पण पाठ वाकू देऊ नये.

आता त्या बापलेकांकडे येते. नावं लिहीत नाही, त्यांनी मोजू दिलं एवढंच पुष्कळ. बापाचा जन्म १९७१ चा, आपल्याच जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातला. पहिला वाढदिवस होतो न होतो तोच बहात्तरचा दुष्काळ पडला. आई खडी फोडायच्या कामावर, मूल झाडाखाली फडक्यात. घरात मिलोच्या भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, हे त्याच्या आईनंच मला पूर्वी सांगितलेलं. लेक आता चोवीस वर्षांचा आहे. तो लहान असताना घरात दोन शेळ्या होत्या, दारात नळ आला होता, लसी वेळेवर झाल्या होत्या.

बापाची उंची भरली १५८ सेंटिमीटर, बैठी उंची ८४.५. म्हणजे पाय ७३.५. भागाकार केला तर ५३.५ टक्के. लेकाची उंची १६७, बैठी ८६.५, पाय ८०.५. त्याचे टक्के ५१.८. दोघांच्या उंचीत फरक ९ सेंटिमीटरचा. त्यातले धडात फक्त २ आणि पायांत ७.

असं का होतं? बाळ जन्मतं तेव्हा त्याचं डोकं आणि धड मिळून लांबीच्या जवळजवळ दोन तृतीयांश असतात, पाय इवलेसे. तान्ह्या बाळाकडे नीट पाहा, बेंबी शरीराच्या मध्याच्या खाली दिसेल. जन्मानंतर मात्र पाय धडापेक्षा जोरात वाढतात. तीन वर्षांच्या पोराचा आकडा ५७-५८ च्या आसपास येतो, दहाव्या वर्षाच्या सुमारास ५२-५३ पर्यंत उतरतो. पुढं वयात येताना धडाचा जोर वाढतो. पाय आधी थांबतात, पाठीचा कणा आणखी थोडा काळ वाढत राहतो.

म्हणजे लहानपणीची बरीच वर्षं उंचीतली जास्त भर पायांकडून येते. त्यातही पहिली दोन-तीन वर्षं सगळ्यात वेगाची. त्या काळात अन्न तोकडं पडलं, जुलाब आणि ताप पुन्हा पुन्हा आले, तर शरीर काटकसर करतं. मेंदू, हृदय, फुप्फुसं, आतडी यांना आधी देतं आणि हाडांची वाढ मागे ठेवतं. जे हाड त्या वेळी सर्वांत वेगानं वाढत असतं त्यालाच सर्वांत जास्त झळ बसते. गुडघ्याच्या वर-खाली हाडांना वाढीच्या ज्या कूर्चा असतात, तिथं हे काम मंदावतं. इझाबेला लीच या पोषणतज्ज्ञ बाईंनी १९५१ मध्येच मांडलं होतं की लहानपणचं पोषण पाहायचं असेल तर पायांची लांबी पाहा.

हे देशांच्या पातळीवरही दिसलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये मुलांचं खाणं सुधारलं, शाळेत दूध-पाव मिळू लागला. १९५७ ते १९७७ या वीस वर्षांत जपानी मुलांची उंची वाढली ती जवळजवळ सगळी पायांत. बैठी उंची जेमतेम हलली. तोवर ‘जपानी माणसाचे पाय वंशानंच आखूड’ असं मानलं जाई. दुसरं उदाहरण ग्वाटेमालातल्या माया लोकांचं. गरिबी आणि यादवीतून काही कुटुंबं अमेरिकेत गेली. तिथं वाढलेली त्यांची मुलं मायदेशातल्या मुलांपेक्षा सरासरी दहा सेंटिमीटरहून उंच भरली आणि त्यातले सुमारे सात सेंटिमीटर पायांत होते. हे माप बॅरी बोगिन या मानवशास्त्रज्ञाच्या गटानं घेतलं. एका पिढीत वंश बदलत नाही. पाणी, ताट आणि दवाखाना बदलतो.

म्हणून सगळं अन्नावरच ढकलू नये. वेगवेगळ्या लोकसमूहांत सरासरी वेगळी असते आणि तिचा काही भाग आनुवंशिक आहे. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचे पाय फार लांब, त्यांचा आकडा ४७-४८ च्या आसपास येतो, आणि ते काही जास्त खाऊन-पिऊन वाढलेले नव्हते. चीन-जपानकडे तो ५३-५४ च्या घरात. उष्ण प्रदेशात लांब हातपाय अंगातली उष्णता बाहेर टाकायला सोयीचे पडतात, असा एक खुलासा आहे. पण एकाच गावातल्या दोन माणसांत जो फरक सापडतो, तो कित्येकदा दोन देशांच्या सरासरीतल्या फरकापेक्षा मोठा असतो. त्यामुळे आकडा पाहून कुणाचा वंश सांगता येत नाही, जात तर नाहीच. एके काळी आपल्या देशात नाकाची मापं घेऊन जातींची उतरंड लावण्याचा उद्योग चालला होता. बाबासाहेबांनी अस्पृश्य मूळचे कोण या आपल्या १९४८ च्या इंग्रजी ग्रंथात तीच नाकाची मापं हातात घेतली आणि दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळे वंश आहेत, असं त्या आकड्यांतून निघत नाही. पायाच्या मापाचंही कुणी तसंच करू पाहील तर त्याला आधी विचारावं, मोजलेल्या माणसांचं पहिल्या तीन वर्षांतलं खाणं कसं होतं.

आणि एका माणसावरून निकाल देऊ नये, हे मी स्वतःलाही बजावते. त्या बापलेकांच्या जोडीत निदान तीन अडचणी आहेत. लेक निम्मा आईवर गेलेला आहे आणि आई उंच आहे. बापानं पन्नाशी ओलांडली आहे. वयानुसार मणक्यांमधल्या गाद्या चपट्या होतात, म्हणजे त्याचं धड तरुणपणी आज आहे त्यापेक्षा थोडं लांब असणार. मात्र पाय वयानं आखडत नाहीत, म्हणून पायांतल्या ७ सेंटिमीटरवर माझा जास्त भरवसा. तिसरी गोष्ट, बापाला मी संध्याकाळी मोजलं, तो दिवसभर सिमेंटची पोती उचलून आला होता. दिवसभराच्या ओझ्यानं कणा एखादा सेंटिमीटर दबतो. पुढच्या रविवारी सकाळी पुन्हा मोजलं तेव्हा ८५.१ आली. वर दिलेले आकडे पहिल्या दिवसाचे आहेत, सवयीनं मी तेच वहीत ठेवले.

एवढ्यात आकडा किती सरकतो ते पाहा. बैठी उंची एक सेंटिमीटर चुकली की बापाचा आकडा ५३.५ वरून थेट ५४ च्या पुढे जातो. दोन देशांच्या सरासरीत जेवढा फरक असतो, त्याच्या जवळपास अर्धा फरक नुसत्या मोजण्याच्या चुकीनं पडला. शिवाय कमरेखाली चरबी जास्त असलेली बाई तिच्यावरच बसते, तिचं धड खोटंच लांब भरतं. वयात उशिरा आलेल्या मुलीचे पाय जास्त काळ वाढत राहतात. म्हणजे कुपोषणानं पाळी लांबली तर पाय त्यातल्या त्यात थोडे भरूनही निघतात आणि आकडा चांगला दिसतो, परिस्थिती चांगली नसताना.

मग घरात याचा उपयोग काय? एक उपयोग डॉक्टरकडे केव्हा जायचं हे कळायला होतो. नुसतं कुपोषण असेल तर पाय थोडे आखूड पडतात, पण डोळ्यांना खटकत नाही. मूल बुटकं आहे, डोकं मोठं आणि हातपाय स्पष्टच आखूड, तर हाडांचा जन्मजात आजार असू शकतो. आखूड पायांसोबत सुस्ती, कोरडी त्वचा आणि बद्धकोष्ठ असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. ते औषधानं सुधारतं. पाय धनुष्यासारखे वाकले असतील तर मुडदूस. आणि उलट, पाय लांब वाटतात पण धड आखूड, पाठीत कुबड किंवा दुखणं असेल, तर मणक्याचा क्षय नाही ना हे बघावंच लागतं. वस्तीत क्षयाचा रुग्ण असेल तर ही गोष्ट पुढच्या महिन्यावर टाकू नये.

मोजून झाल्यावर बापानं मला विचारलं, ‘ताई, आता दूध प्यालो तर?’ सगळे हसले. वाढीच्या कूर्चा विशीच्या आतच बंद होतात, त्याचे पाय आता होते तेवढेच राहणार.

मग त्यानं नातीला आणून माझ्यासमोर ठेवलं. चौदा महिन्यांची आहे. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला बसवून मोजत नाहीत, पाटावर निजवून मोजतात. टाळू एका फळीला लावली, पाय काटकोनात वर धरले आणि दुसरी फळी ढुंगणाला टेकवली. ४६.५ भरली. पाय सरळ करून पूर्ण लांबी ७४. आकडा आला ६२.८, या वयाला तो असाच असतो. लांबी मात्र वयाच्या मानानं थोडी कमी वाटली. गेल्या दोन महिन्यांत तिला तीनदा जुलाब झाले आहेत, पाणी टाकीचं आहे आणि टाकीला झाकण नाही. झाकण त्याच आठवड्यात बसलं. पुढचं माप तीन महिन्यांनी घ्यायचं ठरलंय, सकाळच्या वेळी.