सही करण्याआधी खोकी मोजा

ट्रान्सपोर्टच्या टेम्पोतून दुकानात माल उतरला की चालक बिल्टीची पोच पुढे करतो. समजा, बिल्टीवर बिस्किटांची 40 खोकी आहेत. उतरली 38 आणि त्यांतलं एक भिजलेलं. नुसती सही केलीत, तर सगळा माल सुस्थितीत मिळाला असाच तिचा अर्थ लावला जातो. म्हणून सहीच्या वर ‘38 मिळाली, 2 कमी, 1 भिजलेलं’ असा शेरा लिहा, त्याखाली चालकाचीही सही घ्या. भिजलेलं खोकं उघडण्याआधी लेबल दिसेल असा फोटो काढा. फोटोत नुकसान दिसतं. न आलेली खोकी मात्र शेऱ्यातूनच दाखवता येतात. वाहतूकदारावर दावा लावायचा झाल्यास 2007 च्या कॅरेज बाय रोड कायद्यानुसार बुकिंगपासून 180 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते.