मे ते ऑक्टोबर पाच महिने

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा महाराष्ट्रातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. या मोजण्यांमधली अंतरं सारखी नाहीत. जानेवारी ते मार्च आणि मार्च ते मे दोन-दोन महिने, मग मे ते ऑक्टोबर पाच आणि ऑक्टोबर ते जानेवारी तीन. गावात पाण्याचा हिशोब मांडायला हेच आकडे एक्सेलमध्ये भरून रेषेचा आलेख काढला, की पुष्कळदा चारही टप्पे एकाच रुंदीचे येतात. आलेखाने तारखा तारखा म्हणून वाचलेल्याच नसतात, नावांसारख्या ओळीने मांडलेल्या असतात.

एका विहिरीच्या नोंदी बघू. पाणी जमिनीपासून किती मीटर खाली आहे, ते असं: 10/10/2022 ला 2.1, 15/01/2023 ला 3.6, 14/03/2023 ला 5.0, 09/05/2023 ला 6.5 आणि पावसाळ्यानंतर 12/10/2023 ला 2.4. नावांच्या अक्षावर ऑक्टोबरपासून मेपर्यंत जवळजवळ सरळ उतार दिसतो, कारण प्रत्येक टप्प्यात पाणी साधारण दीड मीटरच उतरलंय. बैठकीत लोक म्हणतात, विहीर एका चालीने आटते. तारखांच्या अक्षावर मात्र तीच रेषा जानेवारीत वाकते. आधी महिन्याला अर्धा मीटर उतरणारं पाणी जानेवारीनंतर पाऊण मीटरच्या आसपास उतरू लागतं. गहू-कांद्याला किती पाळ्या द्यायच्या, ही चर्चा त्या वाकण्यापासून सुरू व्हायला हवी, आणि चुकीच्या अक्षावर ते वाकणंच नाहीसं होतं.

हे होतं कसं? एक्सेल खरी तारीख आकडा म्हणून साठवतं. 1 जानेवारी 2024 म्हणजे 45292. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर तो पहिला आकडा महिना समजतो. पंधरावा महिना नसतो, म्हणून 15/01/2023 नुसता मजकूर राहतो आणि सेलच्या डाव्या कडेला चिकटतो. 14/03/2023 चंही तेच. पण 09/05/2023 तो आनंदाने स्वीकारतो आणि 5 सप्टेंबर करून टाकतो. 12/10/2023 ची होते 10 डिसेंबर. त्या उजव्या कडेला जातात, आणि पुढचं शून्य गळून 9/5/2023 असं दिसतं. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे, आणि डावीकडच्या सगळ्या 12 च्या पुढच्या दिवसांच्या: हे दिसलं की पुढचं काही करण्याआधी मूळ वही उघडायची.

कारण मजकुराच्या तारखा निदान उघड बिघडलेल्या असतात. उलटलेल्या तारखा खऱ्याच दिसतात, `ISNUMBER` लावलं तरी `TRUE` येतं. त्या वहीवरूनच दुरुस्त कराव्या लागतात. मजकूर राहिलेल्यांसाठी शेजारच्या रकान्यात हे सूत्र पुरतं:

```
=DATE(RIGHT(A2,4),MID(A2,4,2),LEFT(A2,2))
```

नव्याने भरताना 2023-05-09 असं लिहिलं तर हा गोंधळ होतच नाही. मग अक्षावर क्लिक करून `Format Axis` मध्ये `Date axis` निवडायचा. सगळा रकाना मजकूरच असताना हे केलं, तर खाली 1/1/1900 पासूनच्या तारखा उमटतात. तो अक्षाचा दोष नाही, आकडेच अजून तारखा झालेले नाहीत.

राहून गेलेली मोजणी हा वेगळा विषय. समजा जानेवारी 2024 ला कुणी गेलंच नाही. सेल खरोखर रिकामा असेल तर `Hidden and Empty Cells` मध्ये रेषा तुटू द्यायची की जोडायची, ते ठरवता येतं. पण तिथे `""` देणारं सूत्र असेल, तर आलेख त्याला शून्य धरतो. आपण मोजतोय खोली. शून्य खोली म्हणजे पाणी जमिनीला टेकलेलं. भर हिवाळ्यात विहीर काठोकाठ भरल्याचं चित्र उमटतं. ही जागा मी तुटकच ठेवतो, कारण मोजणी झाली नाही हेही गावाला दिसलं पाहिजे.

अक्ष बरोबर झाला तरी मे ते ऑक्टोबरच्या रेषेवर मी भरवसा ठेवत नाही. ती मेपासूनच पाणी संथपणे चढताना दाखवते. प्रत्यक्षात ते पाऊस धरेपर्यंत आणखी उतरतं आणि मग वर येतं. सर्वात खालची पातळी या चार मोजण्यांत बहुधा सापडतच नाही. म्हणून तेवढा तुकडा ठिपक्यांच्या रेषेने काढतो, आणि पहिल्या मोठ्या पावसाआधी, जूनच्या सुरुवातीला, गावानेच एक मोजणी स्वतः करावी असा आग्रह धरतो.